पाणी पायाला किती जड जातं?

वाळूत पाणी शिरलं की ती निसरडी होते, कण एकमेकांवरून घसरतात आणि पाया बसतो, अशी एक समजूत साइटवर सर्रास ऐकू येते. ऐकायला ती पटतेही. पण प्रयोगशाळेत कोरडी वाळू आणि तीच वाळू पाण्याखाली ठेवून तपासली, तर तिचा घर्षणकोन जवळजवळ तेवढाच भरतो. फरक पडला तर एखाद-दोन अंशांचा. तेल ओतल्यावर लोखंड निसरडं होतं तसं पाण्यामुळे वाळूच्या कणांचं होत नाही. तरीसुद्धा भूजल पातळी वर आली की वाळूतल्या उथळ पायाची ताकद घटते आणि कधीकधी निम्म्याच्या आसपास येते, हेही तितकंच खरं. मग घटतं ते काय? घर्षण तेच राहतं आणि वजन कमी होतं. पायाच्या हिशेबात पाण्यासाठी जी काही दुरुस्ती करतात, ती सगळी या वजनाचीच असते.

मातीचं वजन पायाच्या उपयोगाचं कसं, हे आधी बघायला हवं, कारण आपल्याला वाटतं माती नुसती खालून आधार देते. समजा दोन मीटर बाय दोन मीटरचं फूटिंग दीड मीटर खोल ठेवलं आहे. त्यावर भार वाढवत नेला की फूटिंगच्या बुडाखालची माती पाचरीसारखी खाली दबते. ही पाचर दोन्ही बाजूंच्या मातीला आडवं ढकलते आणि त्या मातीला वर उचकटल्याशिवाय सुटका नसते. पाया खऱ्या अर्थाने ‘फुटतो’ तेव्हा बाजूची जमीन फुगून वर येते ती याचमुळे. या फुटण्याला दोन वजनं विरोध करतात. एक, फूटिंगच्या बुडाच्या वर, बाजूला असलेल्या दीड मीटर मातीचं. ती जणू झाकण दाबून बसलेली असते. दुसरं, बुडाच्या खालच्या, सरकू पाहणाऱ्या मातीचं स्वतःचं. या वजनांमुळे कणांवर दाब येतो आणि दाबामुळे घर्षण मिळतं. वजन गेलं तर घर्षणकोन कितीही चांगला असला तरी घासायला दाबच उरत नाही. चिकणमातीत या दोघांच्या जोडीला मातीचा चिकटपणाही असतो. स्वच्छ वाळूत तो नसतो.

कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने 1943 च्या आपल्या पुस्तकात हे तिन्ही आधार एका सूत्रात बेरजेने मांडले. आजही जगभर तीच मांडणी थोड्याफार फरकाने वापरली जाते. पण पाण्याच्या बाबतीत त्याचा अधिक मोलाचा विचार त्याआधीचा, 1925 च्या ग्रंथातला आहे. मातीवर येणाऱ्या एकूण दाबातला काही भाग कणांमधलं पाणी उचलतं, आणि उरलेला भागच कणाकणांमध्ये पोहोचतो. मातीची ताकद ठरते ती या उरलेल्या दाबावर. पाण्याला घर्षण नसतं, त्यामुळे पाण्याने उचललेला दाब ताकदीच्या हिशेबात शून्य धरायचा.

आता एक घनमीटर वाळू डोळ्यासमोर आणू. तिच्यात घन कण साधारण 1.6 टन वजनाचे; त्यांनी जागा व्यापली 0.6 घनमीटर आणि उरलेली 0.4 घनमीटर पोकळी. पोकळी निम्मी पाण्याने भरलेली असेल, म्हणजे वाळू नुसती दमट असेल, तर एकूण वजन 1.8 टन. पोकळी काठोकाठ भरली तर 2 टन. म्हणजे पाणी शिरल्यावर वाळू जड झाली! इथेच गोंधळाला सुरुवात होते. भूजल पातळीखाली ही दोन टनांची वाळू पाण्यात बुडालेली आहे, आणि एक घनमीटर पाणी तिला एक टनाने वर उचलून धरतं. कणांवर पोहोचणारं वजन उरलं एकच टन. विहिरीतून भरलेली बादली ओढताना पाण्याखाली असेपर्यंत ती हाताला हलकी लागते आणि पृष्ठभाग सुटताच दोर ताणला जातो, तसाच हा प्रकार. बादलीतलं पाणी तेवढंच असतं, पण हाताला लागणारं वजन बदलतं.

या तीन वजनांना इंजिनिअर मंडळी अनुक्रमे बल्क, सॅच्युरेटेड आणि सबमर्ज्ड युनिट वेट म्हणतात. आपण दमट, तुडुंब आणि बुडीत म्हणू: 1.8, 2 आणि 1 टन प्रति घनमीटर. पातळीच्या वरच्या मातीला दमट वजन आणि खालच्या मातीला बुडीत वजन, एवढीच खरी दुरुस्ती. बाकी सगळ्या सूत्रांतले गुणक हे याच गोष्टीचे आखूड रस्ते आहेत.

प्रत्यक्ष हिशेब कोकण किनाऱ्यावरचा घेऊ. पुळणीला लागून असलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये जमीन वाळूची, विहिरी उथळ आणि पावसाळ्यात त्यांचं पाणी हाताला लागेल इतकं वर. अशा पट्ट्यात आता दुमजली बंगले आणि पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहतात, आणि प्रश्न अगदी रोजचा होतो. फूटिंग वर सांगितलेलंच, चौरस, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल. वाळू फार घट्ट नाही, म्हणून सैलपणाची सूट देऊन घर्षणकोन 30 अंश धरला. भारतीय मानक IS 6403, 1981 ची आवृत्ती, या कोनासाठी दोन गुणांक देते: वरच्या मातीच्या वजनासाठी 18.4 आणि खालच्या मातीच्या वजनासाठी 22.4. चौरस आकारासाठी पहिल्याला 1.2 ने आणि दुसऱ्याला 0.8 ने गुणायचं. मानकात खोलीसाठीही एक वाढीव गुणक आहे, पण तो भराव नीट दाबून घातला असेल तरच लावायचा असं तिथेच म्हटलं आहे. आपल्याकडे फूटिंगभोवतीचा भराव कसा लोटला जातो हे ठाऊक असल्याने मी तो सोडून देतो. वाळूपुरतं सूत्र मग असं उरतं:

```
q_d = q (Nq - 1) 1.2 + 0.5 B γ Nγ 0.8
```

यात q म्हणजे बुडाच्या पातळीवर वरच्या मातीचा दाब, B म्हणजे फूटिंगची रुंदी आणि γ म्हणजे बुडाखालच्या मातीचं वजन. 18.4 मधून एक वजा केलाय, कारण त्या खड्ड्यात आधी माती होतीच. तिचं ओझं जमीन पूर्वीपासून पेलत आलेली आहे, आणि आपल्याला हवी आहे ती वरची, निव्वळ क्षमता.

पाणी खूप खोल आहे असं आधी धरू. वरच्या मातीचा दाब दीड गुणिले 1.8, म्हणजे 2.7 टन. पहिला भाग येतो 56.4 आणि दुसरा 32.3. बेरीज 88.6 टन प्रति चौरस मीटर. सुरक्षेसाठी तीनने भागलं की 29.5 टन. कंत्राटदार ज्याला ‘एसबीसी’ म्हणतात ती ही, निदान मातीच्या फुटण्यापुरती.

आता पाणी वर येऊ दे. ते बुडाच्या खाली दोन मीटरवर, म्हणजे जमिनीपासून साडेतीन मीटरवर असेपर्यंत काही बिघडत नाही. फूटिंगखालची सरकणारी पाचर साधारण फूटिंगच्या रुंदीइतकीच खोल जाते असं धरतात. त्याखालचं पाणी तिच्या वजनाला हात लावत नाही. म्हणून पाणी किती मीटरवर आहे एवढं सांगून भागत नाही, ते फूटिंगच्या बुडाच्या आणि रुंदीच्या मानाने कुठे आहे हे विचारावं लागतं. एक मीटर रुंदीच्या फूटिंगला तीन मीटरवरचं पाणी निरुपद्रवी असतं. तीन मीटर रुंदीच्या फूटिंगला तेच पाणी पाचरीत घुसलेलं असतं. एकाच इमारतीच्या दोन खांबांखाली वेगळी दुरुस्ती लागू शकते.

पाणी साडेतीन मीटरवरून अडीच मीटरवर आलं, म्हणजे बुडाखाली एक मीटरवर. पाचरीचा वरचा अर्धा भाग दमट, खालचा बुडीत. सरळ सरासरी 1.4 टन. वरच्या मातीचा दाब अजून जसाच्या तसा, फक्त दुसरा भाग 32.3 वरून 25.1 वर उतरला. सुरक्षित क्षमता 27.2 टन. आणखी वर, पाणी बरोबर बुडाला टेकलं. पाचर पूर्ण बुडाली, दुसरा भाग 17.9, क्षमता 24.8. एव्हाना पाणी दोन मीटर चढलं आहे आणि आपण गमावले आहेत जेमतेम पावणेपाच टन.

खरी घसरण पुढे आहे. पाणी बुडाच्या वर आलं की पाचरीचं आणखी काही बिघडत नाही, ती आधीच बुडालेली. पण आता झाकण हलकं व्हायला लागतं आणि झाकणाचा गुणांक मोठा आहे. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पाणी असताना वरच्या मातीचा दाब अर्धा मीटर दमट आणि एक मीटर बुडीत मिळून 1.9 टन होतो, आणि क्षमता 19.2 वर येते. पाणी जमिनीला लागलं की दाब 1.5 आणि क्षमता 16.4. सुरुवातीच्या 29.5 च्या मानाने 44 टक्के गेले. पहिल्या दोन मीटरांत पाणी मीटरमागे अडीच टनांहून कमी खात होतं. शेवटच्या दीड मीटरमध्ये मीटरमागे साडेपाच टनांच्या वर खातं. ‘पाणी आलं की एसबीसी निम्मी’ हा साइटवरचा तोंडी नियम म्हणूनच अर्धवट आहे. निम्मी होते ती पाणी पार जमिनीशी आल्यावर आणि तीही वाळूत. बुडाशी पाणी असताना आपल्या उदाहरणात घट फक्त 16 टक्क्यांची आहे. फूटिंग उथळ आणि रुंद असेल तर हीच घट वाढते, कारण तिथे क्षमतेतला मोठा वाटा पाचरीचा असतो.

वाळूचा आणखी एक गुण इथे फसवतो. पातळीच्या थोडं वर, केशाकर्षणाने ओलावा धरलेली वाळू मुठीत दाबली तर गोळा होते आणि खड्ड्याची भिंत उभीच्या उभी राहते. पाणी वर चढलं की हा चिकटपणा पार नाहीसा होतो आणि वाळू पूर्ण सुकली तरी नाहीसा होतो. म्हणून त्याला हिशेबात एक पैही द्यायची नसते.

मानकात हे सगळं W' या एका गुणकात बांधलेलं आहे. पाणी बुडाखाली फूटिंगच्या रुंदीइतकं किंवा त्याहून खोल असेल तर W' एक, बुडाशी किंवा वर असेल तर अर्धा, मधल्या अंतरासाठी सरळ प्रमाणात. पण हा गुणक फक्त दुसऱ्या भागाला, पाचरीला लावायचा आहे. झाकणाचा दाब q हा आधीच पाण्याचा भाग वगळून काढायचा, असं मानक गृहीत धरतं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत याच कामासाठी Rw1 आणि Rw2 असे दोन गुणक शिकवतात. पहिला झाकणाला, दुसरा पाचरीला, दोन्ही अर्ध्यापासून एकापर्यंत. दोन्ही पद्धतींमागचं गृहीत एकच आहे: बुडीत वजन तुडुंब वजनाच्या निम्मं असतं. आपल्या वाळूत ते तंतोतंत जुळतं, दोनाचं एक. मात्र गुणक तुडुंब वजनाला लावायचा की दमट, यावर थोडा फरक पडतो. दमट 1.8 ला अर्ध्याने गुणलं तर 0.9 येतं, खऱ्या एकापेक्षा थोडं कमी. चूक सुरक्षिततेच्या बाजूची, चालून जाते.

ज्या चुका चालून जात नाहीत त्या वेगळ्या. समजा कोणी q काढताना बुडीत वजन घेतलं, पाचरीलाही बुडीत वजन घेतलं, आणि मग सवयीने वरून दोन्ही अर्धे गुणकही लावले. एकाच पाण्याची वजावट दोनदा झाली. क्षमता 16.4 ऐवजी 8.2 निघते. कागदावर फार सावध वाटतं, पण खड्डे भलतेच मोठे होतात. ही चूक एक्सेलच्या तयार पत्रकांत दडून बसते, कारण वजनाचा रकाना एकाने भरलेला असतो आणि गुणकाचा दुसऱ्याने. अहवालात बुडीत वजन आणि W' = 0.5 शेजारी शेजारी दिसले की तिथे बोट ठेवून विचारावं.

उलटी चूक जास्त घातक आहे. प्रयोगशाळेने नमुन्याचं वजन ‘तुडुंब, 2 टन’ असं कळवलं, आणि जमिनीशी पाणी असतानाही ते तसंच सूत्रात गेलं. हिशेब येतो 32.8 टन, कोरड्या स्थितीपेक्षाही जास्त, आणि खऱ्या 16.4 च्या बरोबर दुप्पट. पाण्यामुळे पाया मजबूत झाला असं सांगणारा आकडा कुणाला तरी खटकायला हवा. पण आकडा एकटाच समोर असेल आणि कोरड्या स्थितीचा शेजारी नसेल, तर तो खटकत नाही.

सूत्र बरोबर आणि पातळी चुकीची, हे तर आणखी सर्रास. बोअर घेण्याचा हंगाम बहुधा उन्हाळ्याचा, कारण रिग आत न्यायला रस्ता कोरडा असतो. मे महिन्यात मोजलेली पातळी ही वर्षातली सर्वांत खाली गेलेली असते, आणि हिशेबाला लागते ती वर्षातली सर्वांत वरची. शिवाय बोअर घेताना पाणी किंवा बेंटोनाइट सोडलेलं असतं. बोअर संपल्या संपल्या टेप टाकला तर आपण स्वतःच ओतलेलं पाणी मोजून येतो. निदान 24 तास थांबून, पातळी स्थिरावल्यावर मोजायची असते. अहवालात पाण्याच्या रकान्यात ‘आढळलं नाही’ एवढंच लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ त्या दिवशी, त्या खोलीपर्यंत आढळलं नाही, इतकाच. तारीख कोणती आणि बोअर किती खोल, हे दोन प्रश्न घरमालकानेही विचारावेत. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

वरची पातळी शोधायला शेजारची विहीर हे उत्तम साधन. बांधीव विहिरीच्या आतल्या जांभ्यावर शेवाळाची आणि डागाची रेघ असते, ती पाणी दरवर्षी कुठवर येतं ते सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आगोटीनंतर पाणी कितव्या पायरीला लागतं हे तोंडपाठ असतं. याशिवाय केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा, जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, निरीक्षण विहिरींची पातळी मोजतं, आणि राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या स्वतःच्या निरीक्षण विहिरी आहेत. ऑगस्टचा आकडा आपल्या कामाचा. मात्र निरीक्षण विहीर दोन किलोमीटरवर, टेकडीच्या पायथ्याशी असेल तर तो पुळणीवरच्या घराला लावण्यात अर्थ नाही.

आता आपल्या फूटिंगवर खांबाचा भार 90 टन येतो असं धरू. चार चौरस मीटरवर दाब 22.5 टन. मे महिन्यातली पातळी साडेतीन मीटरवर होती, तिच्यावर विसंबून दोन मीटरचं फूटिंग दिलं तर 29.5 च्या आत ते छान बसतं. पाणी बुडाशी आलं तरी 24.8, अजून ठीक. ऑगस्टमध्ये पाणी अर्ध्या मीटरवर आलं की सुरक्षित आकडा 19.2, आणि फूटिंग नापास. नापास म्हणजे कोसळलं नव्हे. फुटण्याचा दाब अजून 57.6 टन आहे, म्हणजे तीनच्या ऐवजी अडीच पटींची सुरक्षा उरली. पाणी जमिनीशी आल्यावर 2.2 पट. पावसाळ्यात घरं धडाधड पडत नाहीत याचं कारण हे आहे. तीनाचा तो भाग मातीतल्या कमीजास्तपणासाठी, बांधकामातल्या ढिलाईसाठी आणि न कळलेल्या गोष्टींसाठी राखलेला असतो, आणि ज्याची आधीच माहिती होती अशा पाण्याने तो खाऊन टाकला, एवढाच याचा अर्थ.

आणि हे टाळायला लागलं असतं तरी किती? पाणी जमिनीशी धरून हिशेब केला तर 2.3 मीटरचं चौरस फूटिंग पुरतं. त्याची सुरक्षित क्षमता 17.3 टन आणि क्षेत्र 5.3 चौरस मीटर, म्हणजे 91 टनांच्या वर. प्रत्येक बाजूने 15 सेंटिमीटरची वाढ. दुहेरी वजावट करणाऱ्या त्या पत्रकाने मात्र 3.1 मीटरचं फूटिंग मागितलं असतं, म्हणजे जवळपास दुप्पट क्षेत्र, त्याप्रमाणात काँक्रीट आणि शेजाऱ्याच्या कुंपणाखाली जाणारा खड्डा. आणखी खोल जाण्याचा पर्यायही सुचवला जातो. बुडीत वाळूत अर्धा मीटर खोल गेल्यावर झाकणाचा दाब अर्ध्या टनानेच वाढतो, आणि तो अर्धा मीटर पाणी उपसत खोदावा लागतो. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर रुंदी वाढवणं परवडतं, खोली नाही.

पुराबद्दल नेहमी विचारलं जातं. पाणी जमिनीच्या वर पुरुषभर चढलं तर क्षमता आणखी किती घटेल? वजनाच्या हिशेबात काहीही नाही. माती जमिनीपर्यंत बुडाली की तिचं बुडीत वजन ठरून जातं. वरच्या पाण्याचा भार कणांना आणि कणांमधल्या पाण्याला सारखाच मिळतो. पुरात उथळ पाया जातो तो बहुधा वाहत्या पाण्याने बाजूची माती धुऊन नेल्यामुळे, म्हणजे झाकणच उचलून नेल्यामुळे.

इथवर सगळी गोष्ट वाळूची झाली. घाटमाथ्यावर, जिथे फूटिंग मुरमावर किंवा बेसॉल्टवर टेकतं, तिथे ही दुरुस्ती सहसा निर्णायक ठरत नाही. आणि काळ्या किंवा कुठल्याही भरीव चिकणमातीत तर ती जवळजवळ नाहीशीच होते. तुडुंब चिकणमातीवर पटकन भार आला तर घर्षणकोन शून्य धरतात. मग सूत्रात झाकणाचा निव्वळ भाग आणि पाचरीचा भाग दोन्ही शून्य होतात आणि उरतो फक्त चिकटपणा. चिकटपणाला वजनाची दुरुस्ती नसते. पण म्हणून पाण्याचा परिणाम नाही असं समजणं महागात पडतं, कारण तो चिकटपणाच पाण्यावर अवलंबून असतो. एप्रिलमध्ये पहारीलाही दाद न देणारी काळी माती जुलैत बोटाने दबते. अशा ठिकाणी W' ची चर्चा व्यर्थ. नमुना भिजवून, तुडुंब करून तपासला होता की नाही, तेवढं पाहायचं.

दुसरी मर्यादा खचण्याची. वाळूत फूटिंगचा आकार पुष्कळदा फुटण्याने नव्हे, तर किती खचेल यावरून ठरतो, आणि रुंद फूटिंगला तर हे विशेष लागू. त्या हिशेबातही पाण्याची वेगळी दुरुस्ती असते, कारण दाब हलका झालेली वाळू अधिक दबते. पाणी खोलवरून बुडापर्यंत आलं की खचणं ढोबळमानाने दुप्पट होतं असं टेर्झागीनेच मांडलं होतं. दोन्ही हिशेब स्वतंत्र करायचे आणि लहान आकडा घ्यायचा. एकाची दुरुस्ती दुसऱ्यात मिसळली की पुन्हा तीच दुहेरी वजावट.

आणि एक गोष्ट कोणत्याच गुणकात बसत नाही. बुडीत वजनाचा सगळा हिशेब पाणी स्थिर आहे असं मानतो. खड्डा पाण्याखाली गेला की साइटवर पहिलं काम होतं ते मोटर लावण्याचं. कोपऱ्यात एक छोटा खळगा करून त्यात फूट-वॉल्व्ह सोडतात आणि उपसा सुरू. खड्ड्यातलं पाणी खाली गेलं, बाहेरचं वर राहिलं, की बाहेरचं पाणी तळातून वर घुसतं. वर चढणारं पाणी वाळूच्या कणांना आणखी उचलतं. आपल्या वाळूचं बुडीत वजन एक टन आहे. एक मीटर उंचीचा फरक एक मीटर वाळूतून वर येताना संपत असेल, तर ते वजनही शून्य होतं आणि वाळू उकळल्यासारखी होते. हे डोळ्यांना दिसतं. तळावर वाटीएवढ्या जागी बुडबुड्यांसारखं पाणी फुटतं आणि त्याभोवती बारीक वाळूचा छोटा शंकू तयार होतो. पहार हाताने टेकवली तरी आत जाते, आणि मोटरच्या पाइपातून गढूळ, वाळूमिश्रित पाणी पडत राहतं. आदल्या आठवड्यात घट्ट असलेला तळ आता सैल झालेला असतो, आणि 30 अंशांचा घर्षणकोन त्याला लागू नाही. अशा तळावर घाईने पीसीसी टाकून ‘झाकून टाकलं’ की अहवालातले सगळे आकडे दुसऱ्याच कुठल्या मातीचे ठरतात.

अशा वेळी उपसा थांबवून खड्ड्यात पाणी पुन्हा भरू द्यायचं, म्हणजे उकळणं थांबतं. मग खड्ड्याच्या बाहेर, तळाच्या खोलीपेक्षा खाली जाणाऱ्या जाळीच्या नळ्या रोवून पाणी बाहेरूनच ओढायचं. वेल-पॉइंट म्हणतात ते हेच. त्याने पातळी तळाच्या निदान अर्धा मीटर खाली उतरली की सैल झालेला थर काढून टाकायचा, तिथे जाड वाळू किंवा खडी थराथराने दाबून भरायची आणि मगच पीसीसी. काँक्रीट झाल्यावर उपसा एकदम बंद न करता पातळी हळूहळू वर येऊ द्यायची.